छोट्या पडद्यावर फोर-के दिसतं का? कोकणातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गात टीव्ही आणि डिश बसवताना हे प्रश्न मला घरोघरी विचारले जातात. सगळ्यात जास्त गणपतीच्या आधी, कारण मुंबईहून येणारा मुलगा किंवा पुतण्या नवा टीव्ही घेऊन येणार असतो आणि घरात त्यावर बोलणं चालू असतं. इथे मी फक्त ४३ इंचापर्यंतच्या टीव्हीबद्दल, फोनबद्दल आणि थोडंसं कॉम्प्युटरबद्दल लिहिलं आहे. मोठ्या पडद्याचं गणित वेगळं असतं.

३२ किंवा ४३ इंची टीव्हीवर फोर-के आणि फुल एचडी यांतला फरक डोळ्यांना दिसतो का?

आपण ज्या अंतरावर बसतो तिथून बहुतेकांना दिसत नाही. हे मत नाही, मोजून बघता येतं.

पडदा ठिपक्यांचा बनलेला असतो. फुल एचडीत आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे साधारण २० लाख ७३ हजार. फोर-केत ३८४० आणि २१६०, म्हणजे साधारण ८२ लाख ९४ हजार, बरोबर चौपट. पडदा तेवढाच असेल तर फोर-केचा ठिपका फुल एचडीच्या निम्म्या रुंदीचा होतो. ४३ इंची टीव्हीवर फुल एचडीचा ठिपका जवळपास अर्धा मिलिमीटर असतो आणि फोर-केचा पाव मिलिमीटर.

आता डोळ्याकडे वळू. डॉक्टर ज्या नजरेला ६/६ म्हणतात तिला एका अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील वेगळा ओळखता येतो, त्याहून बारीक असेल तर तो शेजारच्या तपशिलात मिसळून जातो. नऊ फुटांवरून हा साठावा भाग म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटरही त्याच्या आत आणि पाव मिलिमीटरही आत. दोन्ही टीव्ही शेजारी लावले, दोघांवर तोच चांगला व्हिडिओ चालवला आणि नऊ फुटांवर बसलं, तर ठिपक्यांवरून कुठला कोणता ते सांगता येणार नाही. रंग, उजेड किंवा काळ्याचा गडदपणा यांवरून कदाचित सांगता येईल, पण त्या गोष्टींचा ठिपक्यांच्या संख्येशी संबंध नाही.

माझ्या घरातलं अंतर चालेल का, हे कसं काढायचं?

टीव्हीच्या इंचांना ४ ने गुणा. येणारा आकडा सेंटिमीटरमध्ये धरा. त्याच्या पलीकडे बसत असाल तर फुल एचडीचे ठिपके ६/६ नजरेला वेगळे दिसणार नाहीत, म्हणजे फोर-केचा फायदाही दिसणार नाही. ३२ इंचासाठी हे अंतर १२८ सेंटिमीटर, म्हणजे चार फुटांहून जरासं जास्त. ४३ इंचासाठी १७२ सेंटिमीटर, साधारण साडेपाच फूट.

तरुण मुलांची नजर अनेकदा ६/६ पेक्षा तीक्ष्ण असते. त्यांच्यासाठी या अंतरात पाव भाग वाढवा, म्हणजे ४३ इंचाला सात फूट. कोकणातल्या जुन्या चिऱ्याच्या घरात टीव्ही माजघराच्या एका भिंतीवर असतो आणि खुर्च्या, पलंग किंवा झोपाळा समोरच्या भिंतीला. टेप लावला की आठ ते दहा फूट अंतर भरतं. नव्या बांधणीच्या लहान फ्लॅटमध्ये ते कमी असू शकतं, म्हणून माझ्या किंवा दुकानदाराच्या अंदाजावर जाऊ नका, स्वतः टेप लावा.

टेप नसेल तर नुसत्या डोळ्यांनीही कळतं. यूट्यूबवर समुद्राचा किंवा जंगलाचा खरा फोर-के व्हिडिओ लावा, एका जागी थांबवा आणि दर्जा आधी 1080p, म्हणजे फुल एचडी, मग 2160p, म्हणजे फोर-के, करा. आपल्या नेहमीच्या जागेवरून बघा, मग एकेक पाऊल पुढे या. फरक कुठून जाणवायला लागतो तेच तुमचं खरं अंतर.

मग ४३ इंचात फोर-के टीव्ही घेऊच नये?

घ्या की. ४३ इंचात आता दुकानात बहुतेक मॉडेल फोर-केच असतात आणि फुल एचडी शोधत बसावं लागतं. माझं म्हणणं एवढंच की ठिपक्यांसाठी वेगळे पैसे मोजू नका. दोन टीव्हींच्या किमतीत फरक असेल तर जास्तीचे पैसे उजेडासाठी, आवाजासाठी आणि तालुक्यात दुरुस्ती मिळते की नाही यासाठी मोजा. पडवीचं दार दिवसभर उघडं असलेल्या घरात मंद पडद्यावर दुपारी काही दिसत नाही, मग ठिपके किती का असेनात.

३२ इंचात बहुतेक टीव्ही १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचे असतात. त्यांना एचडी रेडी म्हणतात. त्यांच्यासाठी अंतर साधारण १८० सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट. त्याहून लांब बसणाऱ्याला ३२ इंचात फुल एचडीचासुद्धा फारसा उपयोग नाही.

रोज आपण जे बघतो त्यातलं खरं फोर-के किती?

फारच थोडं, आणि खरा मुद्दा हाच आहे. संध्याकाळी सातपासून दहापर्यंत घरोघरी काय चालू असतं ते आठवा. मराठी मालिका, बातम्या, एखादा जुना सिनेमा, भजनं, क्रिकेट.

मालिका चॅनेलसाठी तयार होते. चॅनेल एचडी असेल तर ते १९२० बाय १०८० पर्यंत जातं, त्यापुढे नाही. त्याच चॅनेलची साधी, म्हणजे एसडी आवृत्ती ७२० बाय ५७६ ठिपक्यांची असते. ज्यांच्याकडे फ्री डिश आहे त्यांना मिळणारी बहुतेक चॅनेल एसडीच असतात. बातम्यांच्या चॅनेलवर तर पुष्कळ दृश्यं फोनवरून किंवा मोबाइल नेटवर्कवरून आलेली असतात, म्हणून चॅनेल एचडी असलं तरी आतलं चित्र त्या दर्जाचं नसतं.

आपल्याकडे डीटीएचवर फोर-के बॉक्स २०१५च्या क्रिकेट विश्वचषकाच्या वेळी आले. त्यानंतर क्रिकेटचे आणि फुटबॉलचे मोजके सामने तेवढे फोर-केत दिसले, रोज चालणारी चॅनेल मात्र फुल एचडीवरच राहिली. ओटीटीवर फोर-के आहे, पण प्रामुख्याने नव्या, मोठ्या खर्चाच्या मालिका आणि सिनेमांना, आणि बहुधा सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये. नेटफ्लिक्सच्या भारतातल्या प्लॅनपैकी फक्त प्रीमियममध्ये फोर-के मिळतं. मोबाइल प्लॅनमध्ये 480p मिळतं.

अनेक चित्रपटगृहांत जो सिनेमा दाखवतात तोही टू-के असतो, म्हणजे २०४८ बाय १०८०. इतक्या मोठ्या पडद्यावर पुरणारं चित्र ४३ इंचाला कमी पडायचं काहीच कारण नाही.

नवा फोर-के टीव्ही आणला आणि चित्र जुन्यापेक्षा खराब दिसतंय. टीव्हीत दोष आहे का?

बहुतेक वेळा टीव्ही चांगला असतो. देवगडजवळच्या एका घरातली गोष्ट सविस्तर सांगतो, कारण इतर ठिकाणीही मला साधारण हेच आढळतं.

घरात ३२ इंची एचडी रेडी टीव्ही होता. मुलाने ४३ इंची फोर-के आणला. बसायची जागा तीच, नऊ फुटांवर. पहिल्याच संध्याकाळी काकूंना मालिकेतले चेहरे मेणाचे वाटायला लागले आणि खालून सरकणाऱ्या अक्षरांच्या कडा थरथरताना दिसल्या. काकांनी टीव्ही परत करायचं ठरवलं होतं.

टीव्हीच्या मागे बघितलं तर सेट टॉप बॉक्स लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरने जोडलेला होता. बॉक्स एचडी होता, पण ही एव्ही वायर एसडीच्या वर काही नेऊच शकत नाही. जुन्या टीव्हीला तीच होती, म्हणून नव्यालाही तीच लावली. शिवाय त्यांच्या पॅकमध्ये एचडी चॅनेल असूनही रिमोटवर सवयीने जुना एसडी क्रमांक दाबला जात होता. चॅनेल तेच, मालिका तीच, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता एसडी चित्र फोर-के पडद्यावर आलं की काय होतं ते बघा. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके. पडद्याला हवेत ८२ लाख ९४ हजार ४००. भागाकार बरोबर २० येतो. म्हणजे दर वीस ठिपक्यांतला एकच बाहेरून आलेला आणि बाकीचे एकोणीस टीव्हीने शेजारचे ठिपके बघून अंदाजाने भरलेले. चांगला टीव्ही हा अंदाज बरा करतो, स्वस्त टीव्ही चेहऱ्यांचा मेण करतो. त्यात पडदा मोठा झाला. ३२ इंचावर एसडीचा एक ठिपका एक मिलिमीटरच्या आतबाहेर रुंद असतो, ४३ इंचावर तो १.३ मिलिमीटर होतो. नऊ फुटांवरून डोळ्याची मर्यादा ०.८ आहे. पूर्वी जेमतेम दिसणारे दोष आता स्पष्ट दिसायला लागले. नव्या टीव्हीने चित्र बिघडवलं नव्हतं, आधीपासून असलेला कमीपणा उघड केला होता.

तिथे चार गोष्टी केल्या. एचडीएमआय वायर लावली. बॉक्सच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा 1080i केला, कारण एव्ही वायरच्या काळापासून तो 576i वर राहिला होता. एचडी चॅनेलचे क्रमांक फेवरिटमध्ये टाकले. आणि टीव्हीचा पिक्चर मोड Vivid वरून Cinema वर आणून Sharpness बरंच खाली घेतलं. दुकानात उठून दिसावं म्हणून हे वाढवलेलं असतं. त्याने तपशील वाढत नाही, कडांभोवती पांढरी रेघ येते आणि एसडी चित्र आणखी कुरूप दिसतं.

खर्च फक्त वायरचा झाला आणि टीव्ही घरातच राहिला. चित्र फुल एचडीचं होतं, फोर-केचं नव्हे, आणि काकूंची तक्रार मिटली.

फुल एचडी पडद्यावरसुद्धा यूट्यूबला 2160p निवडलं की चित्र चांगलं दिसतं. मग फोर-केचा फायदा आहेच ना?

निरीक्षण बरोबर आहे, कारण मात्र वेगळं आहे. यूट्यूब प्रत्येक दर्जाला दर सेकंदाला ठराविक माहिती देतं आणि फोर-के आवृत्तीला ती 1080p पेक्षा कितीतरी जास्त मिळते. लाटा, पाऊस, माडाच्या हलणाऱ्या झावळ्या, अशा दृश्यांत प्रत्येक ठिपका क्षणाक्षणाला बदलतो आणि 1080p ला मिळालेली माहिती अपुरी पडते, म्हणून पाण्यावर चौकोन दिसतात. 2160p आणून ते फुल एचडीत आकसलं की ते चौकोन जातात. रंगाचंही तसंच आहे. व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीच्या निम्म्या रुंदीने आणि निम्म्या उंचीने साठवतात, त्यामुळे फोर-के आकसल्यावर प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग मिळतो.

म्हणजे डोळ्याला जे जाणवलं ते माहितीचं प्रमाण होतं. भरपूर माहिती असलेलं 1080p हे उपाशी ठेवलेल्या फोर-केपेक्षा छोट्या पडद्यावर नेहमी चांगलं दिसतं. म्हणून पाकिटावरचं किंवा व्हिडिओच्या नावातलं ‘फोर-के’ वाचून दर्जा ठरवू नका. पुष्कळ जुने सिनेमे आणि गाणी एसडीतून फुगवून 2160p म्हणून चढवलेली असतात. थांबवून केस, साडीचं विणकाम किंवा लांबच्या पाट्या बघा. कडा गुळगुळीत पण आत काहीच नाही, असं दिसलं तर ते फुगवलेलं आहे.

टीव्हीवर प्रत्यक्षात किती येतंय हे कसं बघायचं?

यूट्यूबमध्ये व्हिडिओ चालू असताना सेटिंगमध्ये `Stats for nerds` हा पर्याय असतो. तो चालू केला की अशी ओळ दिसते:

```
Current / Optimal Res  1280x720@25 / 1920x1080@25
```

पहिला आकडा सध्या येणाऱ्या चित्राचा, दुसरा मिळायला हवा त्याचा. पहिला सतत लहान राहत असेल तर नेट कमी पडतंय.

ओटीटीवर आणखी एक अडचण असते. सिनेमा चोरून उतरवता येऊ नये म्हणून या कंपन्या उपकरणाचं सुरक्षा प्रमाणपत्र तपासतात. वाइडवाइन नावाच्या पद्धतीत L1 पातळी असेल तर एचडी आणि फोर-के मिळतं, L3 असेल तर नेटफ्लिक्स एसडीवरच थांबतं. अनेक बिननावी अँड्रॉइड बॉक्स आणि काही स्वस्त फोन L3 असतात. पाकिटावर फोर-के लिहिलेलं असतं, पैसेही प्रीमियम प्लॅनचे भरलेले असतात आणि दिसतं मात्र 480p. अँड्रॉइड उपकरणावर DRM Info नावाचं अॅप टाकून `Security Level` बघितलं की हे एका मिनिटात कळतं.

गावात फोर-के चालण्याइतकं नेट लागतं किती?

नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सांगतं, यूट्यूब २०. फुल एचडीला दोघांचाही आकडा ५ आहे. हा वेग सलग लागतो, एकदा स्पीड टेस्टला आला म्हणून भागत नाही. फायबर पोहोचलेल्या गावात अडचण नाही. खाडीच्या पलीकडे किंवा घाटाच्या पायथ्याशी, जिथे फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट घ्यावा लागतो, तिथे संध्याकाळी ५ टिकला तरी चांगलं म्हणायचं.

डेटाचंही बघा. नेटफ्लिक्सवर फोर-केला तासाला ७ जीबीपर्यंत जातात. रोजच्या २ जीबीच्या रिचार्जवर ते सतरा मिनिटं चालेल. हॉटस्पॉटवर बघत असाल तर दर्जा 720p वर बांधून टाका. ४३ इंचावर नऊ फुटांवरून ते व्यवस्थित दिसतं.

पावसात चित्र खराब होतं ते दर्जा कमी झाल्यामुळे का?

डिशवर नाही. सरीच्या वेळी पाण्याच्या थेंबांत उपग्रहाचा सिग्नल शोषला जातो आणि चित्राचे चौकोन होऊन ते अडकतं किंवा जातं. सिग्नल पुरेसा असेतोवर चित्र पूर्ण दर्जाचं असतं, मधली पायरी नसते. नेटवरचं चित्र मात्र हळूहळू धुरकट होतं, कारण अॅप स्वतःच दर्जा उतरवत जातं. चौकोन दिसले तर डिशची दिशा आणि गंजलेला कनेक्टर तपासा, धुरकट दिसलं तर नेट. खाऱ्या वाऱ्यात एलएनबीच्या, म्हणजे डिशसमोरच्या दांडीवर सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या, तोंडावरचा कनेक्टर लवकर हिरवा पडतो. पावसाआधी तो बदलून त्यावर रबरी टेप गुंडाळली तर बरीच चौकोनी चित्रं टळतात.

फोनच्या पडद्यावर फोर-के?

गरज नाही. साडेसहा इंची, १०८० बाय २४०० ठिपक्यांचा फोन साधारण २२ सेंटिमीटरच्या पलीकडे धरला की ठिपके दिसेनासे होतात, आणि आपण तो तीसच्या आसपास धरतो. सोनीने २०१५ साली फोर-के पडद्याचा फोन काढला आणि नंतरही अनेक वर्षं तसे फोन विकले. २०२४च्या एक्सपीरिया वन मार्क सिक्समध्ये त्यांनीच तो पडदा सोडून १०८० रुंदीचा घेतला.

मग छोट्या पडद्यावर फोर-के कुठेच उपयोगी नाही?

कॉम्प्युटरवर आहे. तिथे पडदा लहान असला तरी आपण दोन फुटांवर बसतो. २४ इंची फुल एचडी मॉनिटरसाठी हिशोबाचं अंतर ९६ सेंटिमीटर येतं आणि आपण ६० वर असतो, म्हणजे ठिपके दिसतात. देवनागरी वाचताना ते विशेष जाणवतं. जोडाक्षरं, रफार आणि अनुस्वार थोड्या ठिपक्यांत कोंबले जातात आणि तासाभराने डोळे ओढल्यासारखे होतात. दिवसभर मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने फोर-के मॉनिटर जरूर घ्यावा. टीव्हीसाठी जे पैसे मी वाचवायला सांगतो ते इथे खर्च करायला सांगेन.

गणपतीची आरती किंवा दशावतार फोनवर फोर-केत शूट करावा का?

तो व्हिडिओ पुढे कुठे जाणार त्यावर ठरवा. व्हॉट्सअॅपवर पाठवणार असाल तर तिथे एचडी निवडूनही तो 720p होतो, त्यामुळे फोर-केची जागा फुकट जाते. आयफोनवर एक मिनिट फोर-के साधारण १७० एमबी घेतं आणि तेच 1080p मध्ये ६० एमबी.

दशावतार रात्री, मर्यादित उजेडात होतो. फोनच्या लहान सेन्सरला तिथे उजेडच कमी पडतो आणि फोर-केत चित्राऐवजी दाणेच जास्त स्पष्ट येतात. तिथे 1080p ठेवा, फोन स्टँडवर लावा आणि राजाच्या तोंडावर बोट टेकवून उजेड लॉक करा, नाहीतर भरजरी मुकुट चमकला की चेहरा काळा पडतो.

दिवसाचं विसर्जन मात्र फोर-केत घ्यायला हरकत नाही. गर्दीत पुढे जाता येत नाही, लांबून घ्यावं लागतं, आणि नंतर त्यातला पाव भाग कापून मोठा केला तरी हातात पूर्ण फुल एचडी चित्र राहतं.